‘ताप येऊ शकतो’ हे फलकावर लिहा

बालकांच्या लसीकरणाची मोहीम जाहीर झाली की पुण्यात घोषवाक्यांवरून वाद सुरू होतो आणि दर वेळी तो त्याच वळणाने जातो. एक बाजू म्हणते, धाक बसल्याशिवाय लोक हलत नाहीत. तेव्हा ‘लस चुकली, वेळ हुकली, बाळ गेलं’ या धाटणीचं काहीतरी भिंतीवर लिहा. दुसरी बाजू म्हणते, भीती कशाला? हसरं बाळ छापा, यमक जुळवा, ‘लस देऊ आनंदाने, बाळ वाढे जोमाने’ एवढं पुरे. तिसरा गट दोघांनाही हात जोडतो आणि सांगतो की घोषवाक्यामुळे आजवर एकही सुई टोचली गेलेली नाही, तो पैसा आशाताईंच्या मानधनाला द्या. वरवर पाहता ही तीन मतं आहेत, पण तिघांच्याही बोलण्यात एक गृहीतक दडलेलं असतं: पालक एकतर अजाण असतो किंवा बेफिकीर. प्रश्न फक्त त्याला ढकलायचं की गोंजारायचं, एवढाच उरतो. माझं म्हणणं असं की अर्धवट लसीकरण झालेल्या बहुतेक बाळांचे आईबाप या दोन्हींत बसत नाहीत. त्यांच्या मनात एक नेमकी शंका असते आणि ती ते कोणाला विचारत नाहीत. घोषवाक्याने ती शंका त्यांच्याच शब्दांत मोठ्याने म्हणावी, तिचं खरं उत्तर द्यावं आणि पुढचं पाऊल सांगावं. आणि सुरुवात तापापासून करावी.

तापापासूनच का, हे समजण्यासाठी बाळ नेमकं कुठे सुटतं ते पाहावं लागेल. दवाखान्यात बाळंतपण झालं की बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ‘ब’ची लस घरी सोडण्याआधीच दिली जाते. म्हणजे सुरुवात जवळपास सगळ्यांची होते. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा तीन फेऱ्या असतात, मग नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्याचा दुसरा डोस व बूस्टर. गळती याच वाटेवर होते. सहाव्या आठवड्याला आलेलं बाळ चौदाव्याला येत नाही, आलंच तर नऊ महिन्यांना येत नाही. ज्या आईने स्वतः रांगेत उभं राहून पेंटा या पाच आजारांवरच्या लशीचा पहिला डोस दिला, तिला ‘लसीचे महत्त्व जाणा’ असं सांगून काय उपयोग? महत्त्व तिला पटलेलं होतं, म्हणूनच ती आली होती. ती परत का आली नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या फेरीनंतरच्या रात्री सापडतं.

ती रात्र जरा जवळून पाहू. सहा आठवड्यांच्या बाळाला एका बैठकीत तीन सुया टोचल्या जातात: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकोकल लस आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची अगदी थोडी, ०.१ मिलिलिटर लस. शिवाय तोंडावाटे पोलिओ आणि जुलाबावरच्या रोटा लशीचा डोस. संध्याकाळपर्यंत डावी मांडी लाल होते, थोडी सुजते, हात लावला की बाळ किंचाळतं. रात्री अंग तापतं. याचं कारण बहुतेक वेळा पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग असतो. त्यात मेलेले पण अख्खे जंतू असतात आणि शरीर त्यांना ओळखून प्रतिकार उभा करतं. एकदोन दिवसांत ताप उतरतो. टोचलेल्या जागी छोटी गाठ काही आठवडे राहू शकते. ती दुखत नाही आणि आपोआप जिरते. सिस्टरला हे सगळं रोजचं असतं. पण वाघोली किंवा मोशीच्या एखाद्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्यांना एवढंच दिसतं की सकाळी खेळतं बाळ नेलं आणि रात्री फणफणलेलं बाळ मांडीवर आहे. रात्रभर जागरण, दुसऱ्या दिवशी बापाचा खाडा, एका दिवसाची मजुरी गेली. शेजारीण म्हणते, ‘चांगल्या लेकराला कशाला टोचायला नेलंस?’ सासू फोनवरून म्हणते, ‘आता पुरे.’ कोणी लसीला विरोध करत नाही, कोणी अफवा पसरवत नाही. महिनाभराने आशाताई बोलवायला आली की ‘बाळाला सर्दी आहे, पुढच्या वेळी येतो’ असं उत्तर मिळतं. नोंदवहीत कारण ‘बाळ आजारी’ असं पडतं आणि खरं कारण कागदावर येतच नाही.

यातली सर्वात वाईट गोष्ट अशी की या आईला जी बातमी ऐकून हायसं वाटलं असतं, ती आपल्याच वेळापत्रकात लिहिलेली आहे. दहाव्या आठवड्याला सुई एकच असते. त्या फेरीत फक्त पेंटा टोचतात, बाकीचं तोंडावाटे. न्यूमोकोकल आणि पोलिओची सुई पुन्हा चौदाव्या आठवड्याला येते. तीन सुया पाहून हबकलेल्या आईला ‘पुढच्या वेळी एकच’ हे वाक्य कोणत्याही हसऱ्या बाळाच्या चित्रापेक्षा जास्त धीर देईल. मग घोषवाक्य असं का नसावं?

‘आज ताप येऊ शकतो, दोन दिवसांत उतरतो. दहाव्या आठवड्याला या, तेव्हा एकच सुई.’

यात यमक नाही हे मान्य. पण तीन गोष्टी आहेत. मनातली भीती शब्दांत आली आहे, तिची मुदत सांगितली आहे आणि पुढची भेट आधीपेक्षा हलकी आहे हेही सांगितलं आहे. ‘येईल’ न लिहिता ‘येऊ शकतो’ लिहिलं आहे, कारण प्रत्येक बाळाला ताप येत नाही आणि ज्याला येत नाही त्याच्या आईला ‘लस लागू पडली नाही की काय’ ही नवी शंका द्यायची नाही.

यावर सर्वात तगडा आक्षेप असा घेतला जातो की ज्यांच्या मनात शंका नव्हती त्यांच्याही मनात आपण ती पेरतो. बहुतेक आईबाप चारचौघांसारखं वागतात. शेजारचं बाळ टोचून आलं की आपलंही नेतात. त्यांच्यासमोर तापाचा फलक कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि अफवांच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. ‘लसीने वंध्यत्व येत नाही’ असं भिंतीवर लिहिलं तर ज्याने ती अफवा कधी ऐकली नव्हती त्यालाही ती कळते आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात फक्त ‘लस’ आणि ‘वंध्यत्व’ हे दोन शब्द उरतात. अफवेचं उत्तर जिथे अफवा आहे त्या गल्लीत, तोंडी आणि ज्याचं ऐकलं जातं अशा माणसाकडून द्यावं. तिला फलकावर जागा देऊ नये. पण ताप ही अफवा आहे का? तो त्याच रात्री कितीतरी घरांत येणार आहे. आपण सांगितलं किंवा लपवलं तरी तिथली आई तो पाहणारच. फरक एवढाच पडतो की आधी सांगितलेला ताप ‘सिस्टर म्हणाल्या तसंच झालं’ असं म्हणायला लावतो आणि न सांगितलेला ताप ‘हे आपल्याला कोणी का बोललं नाही?’ असं विचारायला लावतो. त्या प्रश्नानंतर आपली बाकीची सगळी वाक्यं संशयाच्या यादीत जातात. ‘लस पूर्णपणे सुरक्षित’ हे फलकांचं लाडकं वाक्य म्हणूनच घातक आहे. डॉक्टरांच्या भाषेत ते बरोबर असेल, आईच्या भाषेत मात्र ते त्याच रात्री खोटं ठरतं.

सरकारी यंत्रणेला हा प्रश्न न्यायालयातही विचारला गेला आहे. गोवर-रुबेलाची मोहीम शाळांमधून राबवली जात होती. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय शाळेत लस देता येणार नाही असं सांगितलं. दुष्परिणामांचा उल्लेख जाहिरातीत केला तर पालक मागे हटतील, हा बचावही न्यायालयाने मानला नाही. महाराष्ट्रात हीच मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली होती. ज्या पालकांनी खासगी डॉक्टरांकडे एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, आधीच दिली होती त्यांना ‘पुन्हा का?’ हा साधा प्रश्न पडला होता. ‘आधी दिली असली तरी हा डोस चालतो, त्याने बिघडत काही नाही’ एवढं उत्तर फलकावर असतं तर कितीतरी शाळांच्या दारातली वादावादी टळली असती. संमती मागायची आणि माहिती रोखायची, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतील?

आता भीतीची बाजू. तिचं सर्वात भक्कम उदाहरण फार जुनं नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला आणि मुलं दगावली. त्या वेळी ‘गोवर जीव घेतो’ असं सांगणं ही भीती नव्हती, ती बातमी होती. शेजारच्या दारात आजार असताना धोका स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवा. ‘गोवर सगळ्यांनाच निघतो, निघून गेलेला बरा’ ही जुनी समजूत त्याशिवाय मोडत नाही. पण एरवी, आजार दिसत नसताना, धाकाचं वाक्य कोणावर पडतं? जी आई आधीच सुईला घाबरली आहे तिच्यावर. तिला आता दोन भीत्या झाल्या, त्यातली एक लांबची आणि एक काल रात्रीची. जवळचीच जिंकते. अमेरिकेत १,७५९ पालकांवर केलेला आणि २०१४ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात चार तऱ्हेचे संदेश तपासले आणि त्यातल्या एकानेही लस देण्याचा इरादा वाढला नाही. उलट गोवराने मरता मरता वाचलेल्या बाळाची कहाणी वाचलेल्या पालकांचा ‘लसीचे गंभीर दुष्परिणाम होतात’ हा समज आणखी पक्का झाला. अमेरिकेतला मध्यमवर्ग आणि आपल्या वस्त्या यांत अंतर आहे, तो अभ्यास जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण धोक्याची आठवण करून दिली की मन धोका सगळीकडेच शोधू लागतं, हे समजायला फार लांब जायची गरज नाही.

पुण्याने तर हे इतिहासात भोगलेलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, रोग्यांना आणि संशयितांना छावण्यांत हलवलं. उद्देश रोग रोखण्याचाच होता. परिणाम असा झाला की लोक प्लेगपेक्षा तपासणीला जास्त भिऊ लागले, घरातला रोगी लपवू लागले आणि लपवलेल्या रोग्याने रोग आणखी पसरला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास शाळेत शिकवतात. पण आरोग्याच्या कामातली सक्ती रोग्याला लपायला लावते, हा त्याचा उत्तरार्ध क्वचितच शिकवला जातो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत रोग्याला घराबाहेर काढण्याचे हे दोन मार्ग होते. दार कोणासाठी उघडलं जात असेल?

घोषवाक्याच्या ताकदीचा दाखला म्हणून ‘दो बूंद ज़िंदगी की’चं नाव हटकून घेतलं जातं. ते वाक्य चांगलंच होतं. त्यात किती द्यायचं ते होतं, कसं द्यायचं ते होतं आणि सुई नाही हेही न बोलता कळत होतं. पण २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यातले बाराशेहून जास्त उत्तर प्रदेशात. घोषवाक्य तिथेही तेच होतं. तिथल्या मोहल्ल्यांतला न विचारलेला प्रश्न असा होता: आमच्याकडे नळाला पाणी नाही, तापाला डॉक्टर नाही, मग या एकाच आजाराचे थेंब घेऊन तुम्ही पुन्हा पुन्हा दारात का येता? त्याला चित्रपटातल्या मोठ्या ताऱ्याच्या आवाजातलं वाक्य पुरत नव्हतं. गल्लीतल्याच बायका घरोघर जाऊ लागल्या, इमामांनी मशिदीतून सांगितलं, अलीगढ मुस्लीम विद्यापीठ आणि जामिया मिलियासारख्या संस्था पुढे आल्या, थेंबांबरोबर इतर आजारांच्या तपासणीची शिबिरं भरली. तेव्हा दारं उघडली. पोलिओच्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे. म्हणजे तिसऱ्या गटाचं, माणसं हवीत या आग्रहाचं, म्हणणं इथे निम्मं खरं ठरतं. निम्मंच, कारण त्या बायकांना दारात उभं राहून पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं हे माहीत होतं. घोषवाक्य तेच असतं: आशाताईच्या तोंडी बसेल असं पहिलं वाक्य. जे वाक्य ती दारात म्हणू शकत नाही ते फलकावरही नको. ‘लसीचे महत्त्व जाणा’ असं कोणती आशाताई कोणाच्या दारात म्हणते?

पोलिओच्या यशाची एक अडचणही आहे आणि मोहीम आखणाऱ्यांना ती नेहमी भेटते. ‘रविवारी पोलिओ पाजला, म्हणजे लस झाली’ असं अनेक घरांत मानलं जातं. वाक्य सोपं करताना बाकीचं सगळं गळून पडलं की असं होतं. म्हणून एका मोहिमेला एकच घोषवाक्य हा हट्ट सोडायला हवा. सहाव्या आठवड्याच्या आईची शंका तापाची असते. नऊ महिन्यांच्या आईची ‘आता तर बाळ धडधाकट आहे, मग कशाला?’ ही असते. ज्यांची फेरी चुकली त्यांची शंका अगदीच निराळी: सिस्टर ओरडतील आणि सगळ्या सुया पहिल्यापासून टोचतील. खरं तर मालिका नव्याने सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे चालू करतात. ‘उशीर झाला? जिथे थांबलात तिथून पुढे. कोणी रागावणार नाही.’ हे वाक्य बांधकामावरच्या कुटुंबांसाठी, ऊसतोडीहून परतलेल्यांसाठी आणि कार्ड हरवलेल्यांसाठी आहे. मात्र ते लिहिण्याआधी दवाखान्यात खरोखर कोणी रागावत नाही ना, हे पाहावं लागेल. फलक ‘या’ म्हणतो आणि खिडकीतून ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं ऐकू येतं, तेव्हा माणसं खिडकीवर विश्वास ठेवतात. साध्या सर्दीचंही तसंच. सर्दी किंवा किरकोळ ताप असताना लस देता येते, पण ‘सर्दी आहे, नंतर या’ असं दवाखान्यातच सांगितलं गेलं असेल तर ‘सर्दीतही लस चालते’ या फलकाला अर्थ राहत नाही.

विश्वास वाढवायचा दुसरा मार्ग मला घोषवाक्यांतून जवळजवळ गायबच दिसतो. पालकाला स्वतः पडताळता येईल अशी गोष्ट त्याच्या हातात द्या. पेंटाच्या कुपीच्या लेबलवर एक गोल असतो आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस उष्णतेने बिघडलेली नाही. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. हे ओळखायला वाचता यायची गरज नाही. सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, ती पुन्हा भरताच येत नाही आणि तिचं पाकीट आईसमोर फोडलं जातं. ‘चौकोन फिका, लस चांगली. सुई नवी, तुमच्यासमोर उघडली.’ ही वाक्यं पोकळ आश्वासनं देत नाहीत, ती ‘या, बघा’ म्हणतात. सिस्टरला उलटतपासणी वाटेल, असा आक्षेप येतो. काही ठिकाणी वाटेलही. पण ती हे सगळं रोज करतेच. आता ते दिसेल आणि तिच्याच कामाची किंमत कळेल.

इथे मात्र शब्द फार जपून निवडावे लागतात, नाहीतर चांगल्या हेतूने नुकसान होतं. समजा कोणी उत्साहाने लिहिलं, ‘कुपी ताजी उघडली का, विचारा.’ पेंटाच्या एका कुपीत दहा डोस असू शकतात आणि नीट थंड ठेवलेली, तारीख घातलेली उघडी कुपी नियमानुसार २८ दिवसांपर्यंत वापरता येते. या वाक्याने प्रत्येक आई नवी कुपी मागेल, लस वाया जाईल आणि नियमाने वागणारी सिस्टर खोटी ठरेल. गोवर-रुबेलाचं उलट आहे. ती पावडर असते, सोबतच्या द्रावणात कालवली की चार तासांत वापरायची आणि उरलेली फेकून द्यायची, कारण तिच्यात जंतूंना रोखणारं द्रव्य नसतं आणि उरलेल्या कुपीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं. म्हणून कुपीवर उघडल्याची वेळ लिहितात. तेव्हा वेळेबद्दल विचारायला सांगायचंच असेल तर ते गोवर-रुबेलाच्या सत्रातच सांगावं. लस एक आणि प्रश्न दुसरीचा, असं झालं की उत्तर बरोबर असूनही शंका वाढते.

चुका उघडपणे दाखवल्या तर लोक बिथरतील असं ज्यांना वाटतं त्यांनी १९०२ चं मुल्कोवाल आठवावं. पंजाबातल्या या गावी प्लेगची लस टोचल्यावर एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. चौकशीत दोष लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आणि ती लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिनवर आला. बाटली गावात उघडताना निर्जंतुकीकरणात हयगय झाली असावी, हा मुद्दा पुढे आला आणि १९०७ मध्ये हाफकिनवरचा ठपका पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती. कुठली बाटली, कोणी उघडली, कशाने उघडली, हे त्याच दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट झालं असतं तर संशय एका बाटलीपुरता राहिला असता. कुपीवरची तारीख आणि वेळ, नवी सिरिंज, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं, ही सगळी शिस्त अशाच अनुभवांतून आलेली आहे. पालकांना त्या अर्ध्या तासाचं कारण सांगितलं जात नाही, म्हणून ते त्याला खोळंबा समजतात. तीव्र ॲलर्जी फार विरळ, दहा लाख डोसांमागे साधारण एक, पण आलीच तर ती बहुधा लगेच येते आणि तिचं औषध सिस्टरजवळ तयार असतं. ‘अर्धा तास थांबा, आम्ही लक्ष ठेवतो’ यात भीती आहे का? मला त्यात काळजी दिसते.

कोथरूड, बाणेरकडची शंका वेगळी असते आणि तिला कोणतंच सरकारी घोषवाक्य हात लावत नाही: फुकटची लस हलकी असेल का? खासगी दवाखान्यात काही हजारांत ‘न दुखणारी’ लस मिळते, तिने ताप कमी येतो, आणि हे खरं आहे, ते नाकारू नये. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भागच असतात. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेने नव्वदच्या दशकात ही लस स्वीकारली आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याचा मोठा उद्रेक झाला. म्हणजे मोफत लशीचा ताप ही हलकेपणाची खूण नाही. ‘ही लस पुण्यातच बनते’ असं लिहायचा मोह पुणेकरांना होतो, हडपसरची सिरम इन्स्टिट्यूट जगभर लशी पाठवते म्हणून तो साहजिकही आहे. पण अभिमानाने कोणत्या आईची कोणती शंका मिटते? त्यापेक्षा ‘ताप जास्त, संरक्षण टिकाऊ’ हे चार शब्द अधिक काम करतील.

शेवटी घोषवाक्याची मर्यादा. तापाचं औषध किती द्यायचं, हे त्यात कधीही घालू नये. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनावर ठरतं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५. बाजारात लहान बाटलीतले ड्रॉप्स १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे मिळतात आणि सिरप ५ मिलिलिटरला १२० चं. ‘एक चमचा द्या’ एवढंच ऐकलेल्या घरात ड्रॉप्सचा चमचाभर डोस गेला तर तो ५०० मिलिग्रॅम होतो आणि यकृताला धोका पोहोचतो. म्हणून फलकावर फक्त ‘ताप येऊ शकतो’ आणि पालकाच्या हातात सिस्टरने त्या बाळासाठी स्वतः लिहिलेली चिठ्ठी: कोणतं औषध, किती मिलिलिटर, किती तासांनी. त्याच चिठ्ठीवर अंगावरचं दूध चालू ठेवा, मांडी चोळू नका, स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा. आणि खाली, वेगळ्या रंगात: तीन तासांहून जास्त अखंड रडणं, झटका, बाळ ढिलं पडणं, ताप दोन दिवसांत न उतरणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना.

छापण्याआधी हे सगळं दहाबारा आयांना वाचून दाखवावं. त्यातल्या निम्म्या तरी अशा असाव्यात ज्या पहिल्या फेरीनंतर आल्या नाहीत. ‘आवडलं का?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘हे ऐकून तुम्ही काय कराल?’ आणि ‘असं का लिहिलं असेल?’ एवढे दोनच प्रश्न विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीतरी लपवत असतील’ असं उत्तर आलं तर वाक्य बदलावं. बांधकामावरच्या वस्तीत हेच कन्नड, तेलुगू, हिंदी किंवा लमाणी बोलणाऱ्या बाईकडून पुन्हा करावं आणि तिने सांगितलेलं वाक्य घ्यावं, आपल्या मराठी वाक्याचं भाषांतर नको. चिठ्ठीवर रात्रीचा फोन नंबर छापणार असाल तर आधी आठवडाभर रात्री अकरा वाजता तो लावून पाहा. उचलला जात नसेल, तर तो छापू नका.